साडीचा मास्क मॉडेलने काढला, पण कडा कशा तपासायच्या आणि सुधारायच्या?

काठपदर
दादरला आमच्या घरच्या साड्यांच्या दुकानाचा ऑनलाइन कॅटलॉग मी सांभाळते. एकाच विणीची साडी पाच-सहा रंगांत येते. प्रत्येक रंग मॉडेलला नेसवून फोटो काढणं परवडत नाही, म्हणून एका रंगाचा फोटो काढून बाकीचे रंग फोटोवर बदलायचे असं ठरलं. त्यासाठी नेमका साडीचा मास्क लागतो, म्हणजे साडी पांढरी आणि ब्लाउज, हात, केस, मागचा पडदा सगळं काळं.

हाताने पेन टूलने एका फोटोला खूप वेळ जातो. म्हणून सेगमेंट एनीथिंग हे एआय मॉडेल वापरायला लागले. साडीभोवती चौकोन दिला, दोन-तीन ठिपके दिले की मास्क येतो. स्क्रीनवर बघताना छान वाटतो. मॉडेल स्वतः त्याला ०.९७ गुण देतं. पण रंग बदलला की पदराचे गोंडे जुन्या रंगाचेच राहतात, कमरेपाशी कातडीला नवा रंग चढतो आणि जरीत बारीक भोकं दिसतात.

फोटो ४००० × ६००० पिक्सेलचा, साडी निळी, काठ सोनेरी, पडदा पांढरा. कुठून सुरुवात करू? गुण इतके चांगले आणि कडा इतक्या वाईट, हे कसं?

मधुरा_ठाणे
फोनमध्येच येतं आता. फोटोवर बोट दाबून धरलं की माणूस आपोआप सुटा होतो, मागचं सगळं जातं. मी भाचीच्या बारशाच्या पत्रिकेला तेच केलं, एकदम सुरेख आलं.

काठपदर
मधुराताई, त्यात साडी नेसलेली पूर्ण बाई सुटी होते. मला फक्त साडी हवी आहे. ब्लाउज आणि हात नकोत.

विक्रांत_७
सोपं आहे. मास्कला गॉशियन ब्लर मारा, ५-६ पिक्सेल. कडा मऊ होतात, कुणाला काही कळत नाही. आम्ही टी-शर्टच्या फोटोंना हेच करतो.

गिरणगावकर
काठपदर, आधी गुणांचं बघू, कारण तिथेच गोम आहे.

तो गुण म्हणजे मॉडेलचा स्वतःच्या मास्कबद्दलचा अंदाज: खऱ्या आकाराशी आपला मास्क किती जुळेल. हे जुळणं क्षेत्रफळावर मोजतात. तुमच्या फोटोत साडीने साधारण ८० लाख पिक्सेल व्यापले असतील. निऱ्या, पदर सगळं धरून कडेची लांबी १५ हजार पिक्सेल धरा. आता सगळी कड सहा पिक्सेलने चुकली, तर चुकलेले पिक्सेल झाले ९० हजार. ८० लाखांत ते जेमतेम एक टक्का. म्हणजे पूर्ण कड चुकूनही मास्क ०.९९ च्या आसपास जुळतो! कपडा जितका मोठा तितका हा आकडा कडेबद्दल कमी बोलतो. म्हणूनच २०२१ मध्ये बाउंडरी आयओयू नावाचं वेगळं माप मांडलं गेलं, ज्यात फक्त कडेलगतचा पट्टा मोजतात. पण त्याला तुलनेसाठी हाताने काढलेला अचूक मास्क लागतो. तुमच्या रोजच्या कामात तो नसतो, म्हणून डोळ्यांनीच तपासावं लागेल.

दुसरं, गोंडे का जातात. हे मॉडेल तुमचा फोटो आत घेताना लांब बाजू १०२४ पिक्सेलवर आणतं. मास्क तर त्याहून लहान, २५६ च्या जाळीवर तयार होतो आणि मग ताणून ६००० वर नेला जातो. म्हणजे मास्कच्या एका चौकटीच्या रुंदीत तुमच्या फोटोचे सुमारे २३ पिक्सेल बसतात. सरळ काठ असेल तर ताणतानाही रेषा बऱ्यापैकी जागेवर येते. पण गोंड्याचा दोरा तुमच्या फोटोत ८-१० पिक्सेल जाड असणार. एका चौकटीत अर्धाही न भरणारी गोष्ट ते दाखवणार कशी? तिथे मॉडेलला दोष देऊन उपयोग नाही, त्याला तेवढं दिसलेलंच नसतं.

निशिगंध
विक्रांत, ब्लरचं अर्धं बरोबर आहे. पांढऱ्या पडद्यावरचा टी-शर्ट पांढऱ्याच पानावर ठेवायचा असेल तर चालून जातं. इथे रंग बदलायचा आहे. पाच पिक्सेल ब्लर म्हणजे साडीच्या बाहेर पाच पिक्सेल अर्धवट नवा रंग आणि आत पाच पिक्सेल अर्धवट जुना. निळ्याची मरून केली तर कमरेवर जांभळट रेघ येते.

माझं काम रिटचिंगचं, अंधेरीला. मी एक पिक्सेलपेक्षा जास्त मऊपणा देत नाही. तोही जिथे फोटोतली कड तीक्ष्ण आहे तिथेच. पदराचा मागे गेलेला भाग फोकसबाहेर असेल तर तिथे कड मुळातच आठ-दहा पिक्सेल पसरलेली असते, तिथे मास्कही तेवढाच मऊ हवा. एकच ब्लर सगळ्या साडीला लागूच पडत नाही.

विक्रांत_७
मग मास्क दोन पिक्सेल आत ओढा. पांढरी किनार दिसायची बंद होते. हे तर सगळेच करतात.

निशिगंध
पार्श्वभूमी काढायची असेल तर करतात, बरोबरच आहे. कडेच्या पिक्सेलमध्ये पडद्याचा पांढरा मिसळलेला असतो, तो कापला जातो. पण रंग बदलताना मास्क आत ओढला तर साडीभोवती जुन्या निळ्याची दोन पिक्सेलची रेघ उरेल. आणि कपडाच बदलायचा असेल, म्हणजे मॉडेलच्या अंगावर दुसराच ड्रेस चढवायचा असेल, तर मास्क उलट बाहेर फुगवतात, जुन्या कपड्याचा मागमूस राहू नये म्हणून. काम काय आहे त्यावर मास्क कुठल्या बाजूला चुकलेला चालेल ते ठरतं. काठपदर, तुमच्या कामात कुठल्याच बाजूला चालणार नाही. हेच त्यातलं अवघड.

अण्णा_गिरगाव
माझी हयात मंगलदास मार्केटात कापड विकण्यात गेली. मला एक विचारू द्या. रंग संगणकावर बदलला तर गिऱ्हाईकाला मिळणारी साडी तशी असेल का? रेशमात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. पदर हलला की रंग हलतो. ती धूपछाव तुमच्या मास्कमध्ये कुठून येणार?

काठपदर
अण्णा, तुमचं म्हणणं रास्त आहे. दुरंगी साड्यांचे फोटो आम्ही खरेच काढतो, त्या यात धरलेल्या नाहीत. हे फक्त एकरंगी सुती-रेशमी मालासाठी. प्रत्येक रंगाची घडी घातलेली साडी त्याच दिव्याखाली ठेवून एक फोटो काढते आणि रंग त्यावरून जुळवते.

अण्णा_गिरगाव
घडीतला रंग आणि नेसलेल्या साडीचा रंग यांत फरक पडतो, हे मी तरीही म्हणेन. पण घडीचा फोटोही गिऱ्हाईकाला दाखवा, म्हणजे माझी हरकत नाही.

छायाप्रकाश
परळला माझा छोटा स्टुडिओ आहे. तुम्ही सगळे कड नंतर दुरुस्त करायला निघालात, अर्ध्या कडा फोटो काढतानाच खराब होतात. पांढरा पडदा जोरात उजळला की तो उजेड साडीच्या कडेवर चढतो. सोनेरी काठाची जर चमकते, पडदाही चमकतो, मग मॉडेलला काय आणि माणसाला काय, काठ कुठे संपला ते कळणारच नाही. मध्यम राखाडी पडदा लावा, साडी नेसलेल्या बाईला पडद्यापासून पाच-सहा फूट पुढे उभं करा आणि पडद्याचा दिवा कमी करा. पदराचे गोंडे अंगावर किंवा निऱ्यांवर पडू न देता पडद्यासमोर मोकळे सोडा. साडीवरच निळ्यावर निळे गोंडे पडले तर कुणाचाही मास्क चुकेल.

निशिगंध
+१. साडीवरच पडले तर मात्र चिंता नाही की. गोंडाही साडीच, खालची साडीही साडीच. सगळं पांढरं करा. अडचण येते ती ब्लाउजवर किंवा हातावर पडले तर.

छायाप्रकाश
हो, हे बरोबर. रंग एकच बदलायचा असेल तर साडीवर पडलेले चालतील.

लोकलप्रवासी
फोनवर काढलेले फोटो वापरत असाल तर एक तपासा. उभा फोटो पुष्कळदा फाइलमध्ये आडवाच असतो आणि "फिरवून दाखवा" अशी नोंद सोबत असते. ओपनसीव्हीचं `imread` ती नोंद पाळून फोटो फिरवतं. पिलो आपणहून फिरवत नाही, `ImageOps.exif_transpose` म्हणावं लागतं. एकातून मास्क काढला आणि दुसऱ्यातून लावला की मास्क आडवा पडतो. आमच्या ऑफिसात यावर अख्खी दुपार गेली.

आणि मास्क पीएनजीमध्येच ठेवा. जेपीजीत ठेवला की कडेलगत काळ्या-पांढऱ्याऐवजी करड्या छटांचे ठिपके उमटतात.

काठपदर
फोटो कॅमेऱ्याचे आहेत, पण मास्क जेपीजीतच ठेवत होतो आम्ही. आजपासून बदलते. गिरणगावकर, मग गोंड्यांचं काय करू? फोटोच लहान केला तर?

गिरणगावकर
उलट करा. फोटो लहान करू नका, तुकडा कापा.

पूर्ण फोटोवर एकदा मॉडेल चालवा, तो झाला कच्चा मास्क. मग जिथे बारीक काम आहे तिथले चौकोनी तुकडे मूळ फोटोतून कापा: पदराचं टोक, खांद्यावरच्या निऱ्या, कंबर आणि हाताची जागा, पायाशी झोळ. तुकडा १२०० पिक्सेलचा घेतला तर मास्कच्या एका चौकटीत २३ ऐवजी जेमतेम पाच पिक्सेल येतात. त्या तुकड्यावर मॉडेल परत चालवा आणि निघालेला मास्क कच्च्या मास्कवर त्याच जागी ठेवा. तुकडे एकमेकांवर शंभरेक पिक्सेल चढू द्या, नाहीतर सांध्यावर पायरी पडते.

तुकड्यात मॉडेलला पूर्ण साडी दिसत नाही, म्हणून तिथे ठिपके जास्त द्यावे लागतात. "हे हवं" चा ठिपका १ आणि "हे नको" चा ०:

```python
pts = np.array([[610, 400], [580, 900], [250, 380]])
labels = np.array([1, 1, 0])   # तिसरा ठिपका ब्लाउजवर
masks, scores, _ = predictor.predict(
    point_coords=pts, point_labels=labels,
    multimask_output=False)
```

ब्लाउज आणि साडी एकाच कापडाचे असतील तर नकाराचा ठिपका फार महत्त्वाचा. तो नसेल तर खांद्यापाशी पदर आणि ब्लाउज एकच धरले जातात.

सई_एम
कपडे ओळखणारी तयार मॉडेलंही आहेत ना, ठिपके न देता चालणारी? ती का नको?

गिरणगावकर
आहेत, पण त्यांना साडी माहीत नाही. त्यातली पुष्कळशी ज्या एटीआर किंवा एलआयपी नावाच्या फोटोसंग्रहांवर शिकली आहेत, त्यांच्या यादीत वरचे कपडे, स्कर्ट, पँट, ड्रेस, स्कार्फ असे वर्ग आहेत. साडी नावाचा वर्गच नाही. मग निऱ्या स्कर्टमध्ये जातात, पदर कधी स्कार्फमध्ये, कधी वरच्या कपड्यात. सगळे वर्ग एकत्र केले तर ब्लाउजही आत येतो. कुर्ता-सलवारीला ती ठीक चालतात. साडीला त्यांचा उपयोग एवढाच की त्यांनी ओळखलेले हात, चेहरा आणि केस तुम्ही मास्कमधून वजा करू शकता.

सई_एम
नऊवारीचं काय होत असेल मग! मागे काष्टा, पुढून निऱ्या.

निशिगंध
नऊवारीला दोन पायांच्या मधली फट तपासायची. माझ्याकडे आलेल्या फोटोंत मॉडेलने ती फट बुजवून सरळ परकर केला होता.

आता तपासण्याबद्दल. पूर्ण फोटो स्क्रीनवर मावेल एवढा लहान करून बघितला तर कडेचं काहीच कळत नाही. १०० टक्क्यांवर बघायचं. मी डाव्या खांद्यापासून सुरू करते आणि घड्याळाच्या दिशेने कडेकडेने पुन्हा खांद्यापर्यंत येते, म्हणजे एखादा भाग राहून जात नाही. दोन वेळा फिरते. पहिल्या फेरीत मास्कबाहेरचं सगळं काळं करते, तेव्हा चुकून आत आलेला पांढरा पडदा आणि कातडी दिसते. दुसऱ्या फेरीत उलट, साडीच्या जागी भडक गुलाबी भरते आणि बाकी फोटो तसाच ठेवते. आता बाहेर राहून गेलेली साडी निळी चमकते. एकाच फेरीत दोन्ही प्रकारच्या चुका डोळ्यांना सापडत नाहीत.

बाहेरची कड झाली की आतल्या कडा. हात आणि कमरेमधली फट, बांगड्यांमधून दिसणारी साडी, निऱ्यांवर ठेवलेली बोटं. हाताची साडीवर पडलेली सावली मॉडेल पुष्कळदा हातात धरतं. सावली साडीचीच आहे, ती आत घ्यायची. नाहीतर रंग बदलल्यावर बोटांखाली निळा डाग राहतो.

काठपदर
हो!! बोटांखालचा निळा डाग, अगदी हाच. मला वाटत होतं रंग बदलण्यात काहीतरी चुकतंय.

जरीतल्या भोकांचं काय? लहान भोकं सरसकट बुजवली तर हात-कमरेची फटही बुजेल ना?

गिरणगावकर
आकारावरून बुजवा. `connectedComponentsWithStats` उलट्या मास्कवर चालवलं की प्रत्येक भोकाचं क्षेत्रफळ मिळतं. जरीची चमक साधारण काहीशे पिक्सेलची, हाताची फट हजारो-लाखोंची. मधे मोठं अंतर असतं, म्हणून २००० च्या खालची बुजवली तर तुमच्या मापाच्या फोटोत बहुधा चालेल. फक्त बांगड्यांच्या आणि बोटांच्या मधल्या बारीक फटी हाताने बघा, त्या जरीच्या भोकांएवढ्याच असू शकतात. तसेच मास्कबाहेरचे सुटे ठिपके काढा, पण गोंड्यांजवळ नको. तिथे सुटा ठिपका म्हणजे कदाचित खरा गोंडा असतो.

आता गोंडे. तुकडा कापूनही दोरे पूर्ण येणार नाहीत, कारण दोऱ्याच्या कडेचा पिक्सेल अर्धा दोरा आणि अर्धा पडदा असतो. तिथे "आहे की नाही" असा मास्क पुरत नाही, "किती आहे" हे लागतं. म्हणून नक्की साडी, नक्की पडदा आणि माहीत नाही असे तीन भाग करून मधला भाग पायमॅटिंग या पायथन लायब्ररीला सोडवायला द्यायचा:

```python
k = cv2.getStructuringElement(cv2.MORPH_ELLIPSE, (21, 21))
tri = np.full(m.shape, 0.5)
tri[cv2.erode(m, k) == 255] = 1.0
tri[cv2.dilate(m, k) == 0] = 0.0
alpha = estimate_alpha_cf(img / 255.0, tri)
```

यात कडेच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा पिक्सेलचा "माहीत नाही" पट्टा तयार होतो. पण गोंडे दोनशे पिक्सेल लांब लोंबत असतील तर तेवढ्याने भागत नाही. गोंड्यांची पूर्ण झालर हाताने ब्रश फिरवून ०.५ करा. हे फक्त पदराच्या तुकड्यावर चालवा. ६००० च्या पूर्ण फोटोवर चालवलं तर मेमरी पुरणार नाही.

निशिगंध
आणि एवढं करूनही दोऱ्यांत पडद्याचा रंग मिसळलेला असतो. त्याच पायमॅटिंगमध्ये `estimate_foreground_ml` आहे, ते दोऱ्याचा स्वतःचा रंग वेगळा काढतं. फोटोशॉपमध्ये `Select and Mask` मध्ये `Decontaminate Colors` हेच करतं. आधी हे आणि मग रंग बदलायचा. नाहीतर गोंड्यांच्या टोकांना फिकट गुलाबी झाक येते.

मला तरी गोंडे हाताने रंगवणंच जलद वाटतं. दहा-बारा गोंडे असतात, टॅबलेटवर बारीक ब्रशने होतात.

गिरणगावकर
एका फोटोला हो. त्यांना शेकडो करायचे आहेत.

निशिगंध
शेकडो असले तरी तपासायला प्रत्येक उघडावाच लागतो ना? मग उघडलाच आहे तर रंगवून टाका. पटत नाही मला.

काठपदर
आज दुकान बंद झाल्यावर त्याच निळ्या साडीवर बसले. काय झालं ते सांगते.

पदराचं टोक १२०० च्या तुकड्यात कापून परत चालवलं. गोंड्यांच्या गाठी पहिल्याच फटक्यात आल्या, दोरे आले नाहीत. दोऱ्यांवर राखाडी ब्रश फिरवून पायमॅटिंग चालवलं, तेव्हा तेही आले. दोन गोंडे एकमेकांना चिकटलेले होते, त्यांच्यामधला पडदा त्याला सुटला नाही, तो निशिगंधच्या पद्धतीने हाताने काढला. कमरेपाशी ब्लाउजवर एक आणि पोटावर एक नकाराचा ठिपका दिला आणि कातडीवरचा रंग गेला. बोटांची सावली गुलाबी फेरीत लगेच दिसली. जरीची भोकं २००० च्या खाली बुजवली, त्यात दोन बांगड्यांमधली एक फटही बुजली, ती परत उघडली.

साडीची मरून केली. काकांना दोन्ही फोटो दाखवले, त्यांना मरूनच खरी वाटली.

एक जागा मात्र सुटली नाही. खांद्यावर पदर एकपदरी आहे आणि त्यातून ब्लाउज दिसतो. तिथे पिक्सेल साडीचाही आहे आणि ब्लाउजचाही. पूर्ण साडी धरला तर ब्लाउजही मरून होतो, सोडला तर पदर निळा राहतो. ०.५ ठेवलं तर मळकट दिसतं.

गिरणगावकर
तिथे मॅटिंगही अडतं, कारण मागे साधा पडदा नाही, नक्षी असलेला ब्लाउज आहे. मी असतो तर खांद्याचा तो भाग वेगळा मास्क करून त्याला रंग कमी ताकदीने दिला असता, उजेड-सावली तशीच ठेवून फक्त रंगछटा बदलून. शिफॉनला याने भागणार नाही.

छायाप्रकाश
ब्लाउज पांढरट किंवा करडा घाला फोटोच्या वेळी. मग पदरातून दिसणाऱ्या भागात दुसरा रंगच नाही, सरळ पूर्ण साडी धरून रंगछटा बदला. ब्लाउज जिथे उघडा दिसतो तिथला मास्क स्वच्छ निघेलच.

निशिगंध
हे चालेल, पण गिऱ्हाईकाला ब्लाउजपीस त्याच साडीचा दाखवायचा असतो, करडा कोण घेईल?

काठपदर
तेच. ब्लाउजपीस साडीच्याच रंगाचा असतो, म्हणजे खरं तर ब्लाउजही मरून झालेला चालेल! फक्त त्याचा काठ सोनेरी राहायला हवा. मग ब्लाउजसाठी दुसरा मास्क, काठ वगळून. रविवारी शूट आहे, राखाडी पडदा लावून त्याच दिवशी दोन्ही मास्क करून बघते. शिफॉनच्या साड्या मात्र सध्या प्रत्येक रंगात नेसवूनच काढू.

अण्णा_गिरगाव
शिफॉनचं ठरवलंत ते योग्य केलंत. रविवारी दुकानात घडीचे फोटो काढणार असाल तर दिवसाच्या उजेडातही एकेक काढा, दारापाशी. गिऱ्हाईक साडी तिथेच नेऊन बघतं.